तेच वाक्य

गोष्टीत मित्रांवरचा विश्वास उडवायचा असेल तर मित्रांना वाईट वागायला लावून भागत नाही, हे मला तीन खर्डे फाडल्यावर कळलं. पहिल्या खर्ड्यात वसुधा खोलीत शिरली की तिचे जिवलग, रेवा आणि समीर, बोलता बोलता गप्प व्हायचे. समीर तर दुसऱ्याच पानावर चक्क ‘गूढ हसला’ होता. वाचून एकाने विचारलं, "हे हिला फसवतायत, हे हिला कधी कळणार?" त्याला सगळं कळून चुकलं होतं आणि तो नुसता वसुधाची वाट बघत बसला होता. वाट बघून माणूस कंटाळतो, अस्वस्थ होत नाही.

मग ते हसू काढलं. घडेल त्या प्रत्येक गोष्टीला एखादं साधं, निर्दोष कारण असायलाच हवं आणि ते वसुधानेच शोधायचं, असं ठरवून पुन्हा लिहायला बसलो.

रेवा सहज विचारते, "चष्म्याचा नंबर वाढला ना गं?" वसुधा हे फक्त समीरला बोललेली असते. ‘मीच सांगितलं असेन,’ असं म्हणून ती सोडून देते. पुढची दोन पानं तिघं नुसती मजेत असतात. ती पानं कापायचा मोह मला फार झाला. पण मैत्री आधी वाचकाला हवीहवीशी वाटली नाही, तर ती तुटताना त्याचं काय जाणार?

नंतर ते दोघं तिच्याशिवाय कुठेतरी जाऊन येतात. रेवा म्हणते, "अगं, अगदी शेवटच्या क्षणी ठरलं." चार दिवसांनी समीर, कुणी विचारलेलं नसताना म्हणतो, "अगदी शेवटच्या क्षणी ठरलं." शब्दन् शब्द तोच. इथे ‘तिच्या मनात पाल चुकचुकली’ असं लिहायला हात शिवशिवत होता. लिहिलं नाही. वसुधा पेला विसळत राहते, एवढंच. मात्र त्यांच्या वतीने ती स्वतःशी जे खुलासे करते, ते लांबत जातात. चष्म्याच्या वेळी अर्धी ओळ पुरली होती, आता अख्खा परिच्छेद लागतो.

मग ती समीरला एकट्याला सांगते, की मी घर बदलतेय. साफ खोटं. आठ दिवस रेवा चकार शब्द काढत नाही. म्हणजे समीरने गुपित राखलं, की दोघांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं? रेवाने विचारलं असतं तरी संशय वाढलाच असता. आणि एव्हाना गोष्टीत खोटं बोलताना पकडता येईल असं माणूस एकच उरलेलं असतं.

त्या दोघांचं खरं काय होतं, ते माझ्या वहीत आहे, गोष्टीत नाही. मला माहीत नसतं तर चष्म्याचा प्रसंग नुसताच लोंबकळत राहिला असता.

शेवटच्या पानावर, बऱ्याच महिन्यांनी, रेवा विचारते, "तू घर बदलणार होतीस ना गं?"

"नाही बदललं," वसुधा म्हणते. "अगदी शेवटच्या क्षणी ठरलं."