दुहेरी मुळापाशी चिन्ह का बदलत नाही

“सर, बहुपदीची असमानता सोडवताना मुळं काढली, संख्यारेषेवर मांडली, उजवीकडून अधिक-उणे-अधिक-उणे लावत गेलो, तरी उत्तर चुकलं. एका मुळापाशी चिन्ह तेच राहतं म्हणे. ते कोणतं, हे ओळखायचं कसं? आणि तिथे ते का बदलत नाही?”

मुळापाशी चिन्ह मुळात बदलतं कशामुळे, ते आधी पाहू. बहुपदीचे अवयव पाडले की तिचा गुणाकार होतो, आणि गुणाकाराचं चिन्ह बदलायचं तर त्यातल्या एखाद्या अवयवाचं चिन्ह बदलावं लागतं. x − 3 हा अवयव 3 च्या डावीकडे ऋण असतो, उजवीकडे धन. 3 ओलांडताना एवढा एकच अवयव पालटतो, बाकीचे जसे होते तसे राहतात, म्हणून सगळा गुणाकार पालटतो. अधिक-उणेची ती रांग यातून तयार होते. ती संख्यारेषेचा गुण नाही, अवयवांचा आहे.

आता (x − 1)² घ्या. 1 च्या डावीकडे x − 1 ऋण आहे, पण त्याचा वर्ग धन. उजवीकडे तर तो धनच. 1 ओलांडताना पालटायला कोणी उरतच नाही. दुसऱ्या शब्दांत, तिथे x − 1 हा अवयव दोनदा बसलेला आहे. दोघंही एकाच वेळी पालटतात, आणि दोन उणे चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात. मी मुलांना नियम पाठ करायला सांगत नाही. प्रत्येक मुळापाशी थांबून एवढंच विचारायला सांगतो: इथे किती अवयव पालटले? विषम असतील तर चिन्ह बदलतं, सम असतील तर नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

x⁴ − 3x³ − 3x² + 11x − 6 ≥ 0

सहगुणकांची बेरीज 1 − 3 − 3 + 11 − 6 = 0, म्हणजे 1 हे मूळ आहे. संश्लेषक भागाकार केला की भागाकाराचे सहगुणक 1, −2, −5, 6 येतात आणि बाकी शून्य. घोळ होतो तो इथेच. 1 वापरून झाला असं समजून बहुतेक जण पुढच्या संख्येकडे वळतात. ते 3 आणि −2 तपासतात, दोन्हींनी बहुपदी शून्य होते, आणि संख्यारेषेवर −2, 1, 3 असे तीन ठिपके पडतात. पण बहुपदीची कोटी चार आहे. तीन मुळं मिळाली, तर चौथा अवयव गेला कुठे? म्हणून एकदा लागलेलं मूळ उरलेल्या भागाकारावर पुन्हा लावून बघायचं. 1, −2, −5, 6 यांची बेरीजही शून्यच आहे. पुन्हा 1 ने भागलं की 1, −1, −6 उरतात, म्हणजे x² − x − 6, म्हणजेच (x − 3)(x + 2). आता खरं रूप दिसतं:

(x + 2)(x − 1)²(x − 3) ≥ 0

ज्यांना विकलन येतं त्यांच्यासाठी आणखी एक खूण आहे. दुहेरी मुळापाशी विकलजही शून्य होतो. इथे विकलज 4x³ − 9x² − 6x + 11 आहे. त्यात 1 घातला तर 4 − 9 − 6 + 11 = 0 येतो. 3 घातला तर 20 आणि −2 घातला तर −45 येतो, म्हणजे ती दोन मुळं एकेरी आहेत.

आता उजवीकडून चालत येऊ. 3 च्या पुढे सगळे अवयव धन आहेत, म्हणून चिन्ह अधिक. 3 पाशी एक अवयव पालटला, उणे झालं. 1 पाशी दोन पालटले, उणेच राहिलं. −2 पाशी एक पालटला, पुन्हा अधिक. म्हणजे −2 ते 3 या सगळ्या पट्ट्यात बहुपदी कुठेही धन होत नाही, आणि बाहेर दोन्ही बाजूंना ती धन आहे.

1 आंधळेपणाने ओलांडला असता तर उजवीकडून अधिक, उणे, अधिक, उणे अशी रांग लागली असती. ती चूक आहे हे कळायला फार काही करावं लागत नाही. x = 0 घातला की बहुपदीची किंमत −6 येते, आणि त्या रांगेनुसार 0 तर धन भागात पडतो. शिवाय सम कोटीच्या बहुपदीची दोन्ही टोकं एकाच चिन्हाची असायला हवीत, कारण खूप दूर गेल्यावर x⁴ बाकीच्या पदांना जुमानत नाही. रांगेची दोन टोकं उलट चिन्हांची आली, तर एखादं मूळ दोनदा मोजायचं राहिलं असणार. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिला एकही गुणाकार लागत नाही.

1 च्या अगदी जवळ जाऊन बघा. x = 0.9 घेतला तर 2.9 × 0.01 × (−2.1), म्हणजे −0.0609. x = 1.1 घेतला तर 3.1 × 0.01 × (−1.9), म्हणजे −0.0589. मध्ये बरोबर 1 वर शून्य. किंमत खालून वर येते, शून्याला लागते आणि पुन्हा खाली जाते. आलेख काढलात तर तो X-अक्षाला 1 पाशी स्पर्श करतो, छेदत नाही. 1 च्या आसपास x + 2 जवळपास 3 असतो आणि x − 3 जवळपास −2, म्हणून सगळी बहुपदी तिथे −6(x − 1)² सारखी वागते. तो −6 किती लहान-मोठा आहे याला चिन्हाच्या दृष्टीने महत्त्व नाही. तो ऋण आहे, म्हणून दोन्हीकडे ऋण.

एवढं जमलं तरी उत्तर लिहिताना गुण जातात, आणि ते या स्पर्शबिंदूमुळेच जातात. चिन्ह न बदलणारं मूळ म्हणजे दुर्लक्ष करायचं मूळ नव्हे. तिथे बहुपदी शून्य आहे, आणि शून्य चालतं की नाही हे प्रश्नातल्या चिन्हावर ठरतं. आपल्या प्रश्नात ≥ आहे, म्हणून उत्तर x ≤ −2 किंवा x ≥ 3, आणि शिवाय x = 1. तो बिंदू एकटाच, आजूबाजूचा एकही शेजारी सोबत न घेता उत्तरात येतो. प्रश्नात > असता तर तो गेला असता आणि x < −2 किंवा x > 3 एवढंच राहिलं असतं. < असता तर −2 आणि 3 यांच्या मधलं सगळं, पण 1 वगळून. ≤ असता तर −2 ते 3 सलग, दोन्ही टोकांसकट, आणि तिथे 1 चा वेगळा उल्लेखही लागला नसता. बहुपदी एकच, चिन्हांची रांग एकच, तरी 1 चं चारही वेळा वेगळं. म्हणून दुहेरी मुळाचा निर्णय मी नेहमी सगळ्यात शेवटी, वेगळा घ्यायला सांगतो.

याच कारणामुळे (x − 1)² ने दोन्ही बाजूंना भागून टाकायची युक्ती जपून वापरावी लागते. वर्ग धन असल्यामुळे असमानतेची दिशा बदलत नाही, ते खरं. पण x = 1 असताना आपण शून्याने भागत असतो. आपल्या प्रश्नात भागून (x + 2)(x − 3) ≥ 0 सोडवलं तर 1 उत्तरातून गुपचूप गळून पडतो. भागायचं असेल तर आधी x = 1 बाजूला काढून तपासा, मग भागा.

दुहेरी मूळ दर वेळी वर्गाच्या रूपात समोर येत नाही. (x² − 4)(x² − x − 2) > 0 पाहा. दोन कंस वेगळे दिसतात आणि वर्ग कुठेच नाही. पण पहिला आहे (x − 2)(x + 2) आणि दुसरा (x − 2)(x + 1). 2 दोन्हींत लपलेला आहे. उत्तर येतं x < −2 किंवा x > −1, त्यातून 2 वगळून. आणखी फसवं रूप म्हणजे (x − 1)(1 − x). तो −(x − 1)² आहे, कधीच धन होत नाही. इथे दोन अवयव एकत्र पालटतात हे लगेच लक्षात येत नाही, म्हणून प्रत्येक कंसात x चा सहगुणक धन करून घ्यायचा आणि बाहेर आलेलं उणे चिन्ह सांभाळायचं.

उलट बाजूचीही एक चूक आहे. मूळ पुन्हा आलं की चिन्ह बदलत नाही, असं अर्धवट लक्षात ठेवणारे (x − 1)³ पाशीही चिन्ह तसंच ठेवतात. तिथे तीन अवयव पालटतात, तीन उणे मिळून उणेच, आणि चिन्ह बदलतं. आलेख 1 पाशी अक्षाला लागून आडवा होतो खरा, पण पलीकडे जातो. पुन्हा येणं महत्त्वाचं नाही, किती वेळा येतं ते महत्त्वाचं.

छेदात असलेल्या वर्गालाही हाच हिशोब लागतो. (x + 2)(x − 3)/(x − 1)² ≥ 0 मध्ये 1 पाशी चिन्ह बदलत नाही, रांग वरच्यासारखीच येते. पण 1 वर राशीला किंमतच नाही, म्हणून ≥ असूनही तो उत्तरात येत नाही.

हे सगळं सहगुणक अचूक असतील तेव्हाचं. ते मोजमापातून आलेले दशांश असतील तर दुहेरी मूळ फार नाजूक असतं. आपल्या बहुपदीत −6 ऐवजी −5.94 लिहा. आलेख सगळा 0.06 ने वर सरकतो, स्पर्शबिंदू अक्षाच्या वर येतो आणि 1 च्या जागी दोन एकेरी मुळं तयार होतात, एक 0.9 च्या जवळ आणि दुसरं 1.1 च्या जवळ. दोन्हींपाशी चिन्ह बदलतं. दोन बदल मिळून मूळ चिन्ह परत कसं येतं, ते इथे डोळ्यांना दिसतं. ≥ च्या उत्तरातला तो एकटा बिंदू फुगून छोटासा पट्टा होतो. −6.06 लिहिलं तर आलेख तेवढाच खाली जातो, त्या भागात मूळच राहत नाही, आणि तो बिंदू उत्तरातून पूर्ण नाहीसा होतो.