वारा पश्चिमेचा, अडचण पूर्वेच्या भिंतीची

सांगलीतल्या एका शाळेत ऑक्टोबरच्या दुपारी वर्ग कोंदट होतात, मुलं पेंगतात, अशी तक्रार होती. शाळेचा विचार पश्चिमेच्या खिडक्या दुप्पट करण्याचा होता. खर्च ठरण्याआधी आम्ही एक वर्ग तपासायला घेतला.

वर्ग 7.2 बाय 7 मीटर, उंची 3.2 मीटर, शिक्षक धरून 46 माणसं. पश्चिमेला स्लायडिंगच्या दोन मोठ्या खिडक्या, पूर्वेला व्हरांडा. व्हरांड्याकडच्या खिडक्या आणि दार गोंगाटामुळे तास चालू असताना बंद. वर दोन झरोके होते, पण त्यांच्या पक्क्या काचपट्ट्या धुळीने जवळजवळ भरलेल्या. पाऊण तासाच्या तासिकेअखेर कार्बन डायऑक्साइडचा मीटर 2,600 पीपीएम दाखवत होता. बाहेर साधारण 420.

मग पश्चिमेच्या उघड्या खिडकीत उदबत्ती धरली. बाहेर पानं हलत होती, तरी धूर जागच्या जागी घुटमळत राहिला. व्हरांड्याचं दार उघडताच तोच धूर सरळ आत ओढला गेला. दुखणं कुठे आहे ते तिथेच कळलं: हवेला आत यायला जागा होती, बाहेर पडायला नव्हती.

आकडेही तेच सांगतात. खिडक्या 4.3 चौरस मीटरच्या दिसतात, पण स्लायडिंग अर्धीच उघडते आणि डासांची जाळी उरलेल्यातला जवळपास निम्मा प्रवाह अडवते. हाती लागते ती सुमारे 1.2 चौरस मीटर. पूर्वेच्या झरोक्यांतून मोकळी जागा जेमतेम 0.15. समोरासमोरच्या दोन उघाड्यांचा मिळून परिणाम असा काढतात:

1/A² = 1/A1² + 1/A2²

यातून A येतं 0.149, म्हणजे लहान उघाडीएवढंच. पश्चिमेला 1.2 ऐवजी 2.4 केलं तर A होतं 0.150. दुप्पट खिडक्यांचा सगळा खर्च करून पदरात काहीच पडलं नसतं.

वाऱ्याचा वेग ठरवताना घाई करू नये. हवामान केंद्राचा आकडा मोकळ्या मैदानात 10 मीटर उंचीवरचा असतो. वस्तीत, तळमजल्याच्या खिडकीपाशी त्यातला निम्मा उरतो. म्हणून 2 मीटर प्रतिसेकंदाचा वारा आम्ही 1 धरला. समोर घरांची रांग असल्याने दोन भिंतींमधला दाबगुणांकाचा फरक ΔCp फक्त 0.3 घेतला. मोकळ्या माळावरच्या शाळेला तो 1 च्या आसपास धरता येतो.

Q = 0.6 × A × V × √ΔCp

जुन्या स्थितीत Q, म्हणजे वर्गातून वाहणारी हवा, फक्त 0.049 घनमीटर प्रतिसेकंद येत होती. गरज होती माणशी 5 लिटर आणि फरशीच्या दर चौरस मीटरला 0.6 लिटर, म्हणजे एकूण सुमारे 0.26. त्यासाठी A हवं 0.79. पश्चिमेची 1.2 तशीच ठेवली तर पूर्वेला निव्वळ 1.05 पुरे.

ती जागा व्हरांड्याच्या भिंतीत, लिंटेलच्या वर काढली. गोंगाट थेट कानावर येत नाही आणि नजरही बाहेर जात नाही. 0.9 बाय 0.45 मीटरची सहा झडपी तावदानं, पक्ष्यांसाठी मोठ्या घरांची जाळी. एकूण 2.4 चौरस मीटर. चौकट, झडपेचा कोन आणि जाळी वजा जाता सुमारे 1.15. इथे डासांची बारीक जाळी लावली असती तर हिशेब पुन्हा कोसळला असता.

वारा 0.5 वर आला की हवाही निम्मी होते आणि वर्ग 1,900 पीपीएमच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळेसाठी पूर्वेच्या भिंतीत दोन एक्झॉस्ट फॅन बसवले. दोघांची छापील क्षमता मिळून ताशी 1,400 घनमीटर घेतली, कारण झडप आणि ग्रिल धरून ताशी 936 तरी मिळायला हवे होते. फॅन 1,300 पीपीएमला सुरू होतात आणि 1,000 ला बंद. वारा पडलेला असेल तर वर्ग भरलेला असताना आकडा 1,200 च्या आसपासच थांबतो, त्यामुळे फॅन मधल्या सुट्टीपर्यंत चालतात. तो बिघाड समजू नये.

खरी फसगत फॅनशेजारच्या उघड्या तावदानांची. फॅन त्यांतूनच हवा ओढतो आणि तीच बाहेर फेकतो, मुलांपर्यंत ताजी हवा पोचतच नाही. म्हणून सहाही तावदानं एका सळईला जोडली; एक दांडा ओढला की सगळी बंद होतात आणि त्याच दांड्यावरच्या स्विचशिवाय फॅनला वीज मिळत नाही. वर्गशिक्षकांसाठी दांड्याशेजारी दिवा आहे: दिवा लागला की दांडा ओढायचा.

पावसाळ्यात पश्चिमेचा पाऊस खिडक्या बंद करायला लावतो. तेव्हा फॅनला हवा कुठून मिळणार? छज्जाखाली निव्वळ 0.3 चौरस मीटरची, पाऊस अडवणारी पट्ट्यांची जाळी कायम उघडी ठेवली. एवढ्या वाटेने 0.26 हवा ओढायला फॅनला सव्वा पास्कलच्या आसपास जोर लागतो, तो लहान फॅनला सहज झेपतो.

छताचे पंखे तसेच ठेवले. ते अंगावर वारा घालतात, ताजी हवा आणत नाहीत. काम झाल्यावर वाऱ्याच्या दुपारी त्याच वर्गात मीटर 1,150 च्या आसपास राहिला. झडपांवरची धूळ मात्र दर सत्राला झाडावी लागेल, नाहीतर 1.15 चं पुन्हा 0.5 व्हायला वेळ लागत नाही.