‘सॉक टू रिपोर्ट पाठवलाय की’ : व्हेंडर ऑडिटचा माझा अनुभव

आमच्या कोअर बँकिंगच्या व्हेंडरला ऑडिटची नोटीस पाठवली, तेव्हा उत्तरात तारीख येईल अशी अपेक्षा होती. आली ती एक जाडजूड पीडीएफ आणि सोबत दोन ओळी. ‘आमची यंत्रणा अनेक बँकांची सामायिक आहे, त्यामुळे प्रत्यक्ष ऑडिट देता येणार नाही. सोबतचा सॉक टू रिपोर्ट ग्राह्य धरावा.’ सॉक टू म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीची सुरक्षेची नियंत्रणं बाहेरच्या ऑडिटरने तपासून दिलेला अहवाल. त्या दोन ओळींवर आमचे कित्येक आठवडे गेले. मला त्याचा राग अजून आहे, म्हणून लिहितोय. ज्यांच्या हातात असा करार आहे त्यांना उपयोग होईल.

मी सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत अंतर्गत लेखापरीक्षण पाहतो. बँक टियर ३ मध्ये येते, म्हणजे ठेवी हजार कोटींच्या वर. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांपासून पेन्शनर लोकांपर्यंत सगळ्यांची खाती ज्या डेटाबेसमध्ये आहेत तो आमच्या इमारतीत नाही. तो व्हेंडरकडे आहे आणि त्यात शिरण्याची किल्ली व्हेंडरच्या माणसांकडे आहे. म्हणून आम्ही ऑडिटचा विषय मुद्दाम लहान ठेवला : आमच्या डेटाबेसमध्ये कोण कोण लॉगिन करू शकतं, आणि जो माणूस नोकरी सोडून गेला त्याचं लॉगिन कधी बंद झालं. बॅकअप, बदल व्यवस्थापन, डीआर म्हणजे आपत्तीसाठीची पर्यायी यंत्रणा, हे सगळं पुढच्या फेरीला ठेवलं. पहिल्याच फेरीत सगळं घेतलं की व्हेंडर सगळ्याचाच थोडा थोडा कागद देतो आणि एकाही गोष्टीच्या तळाशी जाता येत नाही.

आता त्या पीडीएफबद्दल. सॉक टू रिपोर्ट वाईट नसतो, पण तो वाचावा लागतो. आम्ही वाचला. पहिली गोष्ट, तो टाइप टू होता, म्हणजे एका कालावधीत नियंत्रणं प्रत्यक्ष चालली का हे तपासलेला, इथवर ठीक. पण त्याचा कालावधी डिसेंबरला संपत होता आणि आमचं वर्ष मार्चअखेरचं. मधल्या तीन महिन्यांसाठी व्हेंडरने ‘ब्रिज लेटर’ दिलं. ते व्हेंडरचं स्वतःचं निवेदन असतं, कुठल्या ऑडिटरने ते महिने तपासलेले नसतात. दुसरी गोष्ट, प्रणालीच्या वर्णनात डेटा सेंटर ‘कार्व्ह आउट’ पद्धतीने बाहेर ठेवलेलं होतं, म्हणजे त्याची नियंत्रणं या तपासणीत नव्हतीच, आणि रात्रपाळीच्या सपोर्टचा तर उल्लेखच नव्हता. तिसरी गोष्ट बहुतेक जण चुकवतात : ग्राहकाने स्वतःकडे कोणती नियंत्रणं ठेवायची याची यादी त्याच वर्णनात असते. कर्मचारी सोडून गेल्याची नोंद मिळाल्यावर त्याचे बँकेच्या बाजूचे अधिकार बँकेने काढावेत, असं त्यात होतं. आमच्या शाखांनी ते केलंय का, हे आम्ही आधी तपासून घेतलं, म्हणजे बैठकीत बोट आमच्याकडे वळायला जागा उरली नाही.

व्हेंडरच्या वकिलांचा मुख्य आधार रिझर्व्ह बँकेचाच होता. १० एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत, जोखीम पाहून काही बाबतीत जागतिक मान्यतेच्या त्रयस्थ प्रमाणपत्रांवर विसंबता येतं, अशी तरतूद होती, आणि ते पुन्हा पुन्हा तेवढंच वाक्य पाठवत होते. पण तो पर्याय बँकेला दिलेला आहे, व्हेंडरला नाही. जोखमीचं मूल्यमापन बँकेने करायचं आणि प्रमाणपत्र पुरेसं आहे का हे बँकेने ठरवायचं. शिवाय जबाबदारी शेवटी बँकेचीच राहते, हेही तिथेच आहे. आम्ही आमचं जोखीम मूल्यमापन जोडून, रिपोर्टमधल्या वरच्या उणिवा पान क्रमांकासह लिहून, एवढंच म्हटलं : या कारणांसाठी या मुद्द्यावर रिपोर्ट पुरेसा नाही, म्हणून करारातल्या ऑडिटच्या कलमानुसार आम्ही येत आहोत. ‘आमचा हक्क आहे’ असं नुसतं लिहिल्यावर काही हललं नव्हतं. पान क्रमांक लिहिल्यावर हललं.

अकाउंट मॅनेजरचा फोन आला. ‘सर, एवढ्या मोठमोठ्या बँका सॉक टूवर समाधानी असतात. तुम्हाला काय एवढं हवंय?’

‘युजरची यादी हवी आहे, आमच्यासमोर काढलेली,’ मी म्हटलं.

‘यादी तर एक्सेलमध्ये पाठवतो की, सर!’

इथे दुसरी अडचण सुरू झाली, आणि माझ्या मते ऑडिटचा खरा गाभा हाच आहे. एक्सेलमध्ये कोणाची नावं आहेत हे ती बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. जमीन घेताना बोजा आहे का हे विकणाऱ्याला विचारून भागत नाही, सातबारा स्वतः काढावा लागतो. तसंच नमुना निवडण्याआधी मूळ यादी पूर्ण आहे हे सिद्ध व्हायला हवं, नाहीतर नमुन्यात सगळं चोख निघूनही काही सिद्ध होत नाही.

इतर बँकांच्या गोपनीयतेचा मुद्दा मात्र खरा होता, तो आम्ही मान्य केला. आमचा डेटाबेस स्वतंत्र होता, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. व्हेंडरची माणसं ज्यातून डेटाबेसपर्यंत पोचतात त्या सामायिक जंप सर्व्हरच्या लॉगमध्ये इतर बँकांची नावं झाकून दाखवा, आम्ही फोटो काढणार नाही, असं लिहून दिलं. आमच्यासोबतच्या सीए फर्मकडून अमर्याद नुकसानभरपाईचा वेगळा गोपनीयता करार मागितला गेला, तो मात्र नाकारला. मूळ करारात बँकेचे ऑडिटर गोपनीयतेच्या कलमाने बांधलेले होतेच.

शेवटी त्यांच्या पुण्याच्या ऑफिसात बसलो. त्यांच्या डीबीएने, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाने, टाइप करायला घेतलं आणि शर्तीत फक्त `OPEN` स्थितीची खाती मागितली. आम्ही थांबवलं. ओरॅकलमध्ये `EXPIRED(GRACE)` स्थितीतल्या खात्यानेही लॉगिन होतं, म्हणून स्थितीची गाळणी लावायची नाही. आधी आपण खऱ्या डेटाबेसवर आहोत की डीआरच्या प्रतीवर, हे पाहायचं, मग यादी.

```sql
SELECT name, open_mode, database_role, SYSDATE FROM v$database;

SELECT username, account_status, created, last_login
FROM dba_users
WHERE oracle_maintained = 'N'
ORDER BY created;
```

पहिल्या क्वेरीत `READ WRITE` आणि `PRIMARY` आलं, म्हणजे डीआरची प्रत नव्हे. दुसऱ्या क्वेरीतून ओरॅकलची स्वतःची खाती वगळली जातात (`oracle_maintained` आणि `last_login` हे दोन्ही कॉलम १२सी आणि पुढच्या आवृत्त्यांत मिळतात). अॅप्लिकेशनची आणि लॉक असलेली खाती बाजूला काढल्यावर माणसांची २७ खाती उरली. एक्सेलमध्ये २२ होती.

त्या पाचांपैकी दोन जण व्हेंडरची नोकरी सोडून गेलेले होते. त्यांच्या एचआरकडून मागवलेल्या रिलीव्हिंगच्या तारखा शेजारी ठेवल्या. एकाचं `last_login` तारखेच्या आतलं होतं. दुसऱ्याचं त्याच्या शेवटच्या दिवसानंतरचं होतं. उरलेल्या तीन खात्यांच्या नावांचं वळणच वेगळं होतं. विचारल्यावर कळलं की रात्रपाळीचा सपोर्ट दुसऱ्या कंपनीकडे दिलेला आहे. आमच्या करारात पूर्वपरवानगीशिवाय उपकंत्राट द्यायला मनाई होती आणि अशी परवानगी कधी मागितलीच गेली नव्हती.

सोडून गेलेल्या माणसाच्या खात्याने लॉगिन नेमकं कोणी केलं, हे जंप सर्व्हरच्या लॉगवरून कळलं असतं. तो लॉग पुसून गेला होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. इथे ते त्याहून कमी ठेवले जात होते. शिवाय पत्रापत्रीत गेलेला प्रत्येक आठवडा जुन्या टोकाचा एक आठवडा खाऊन टाकत होता. म्हणून नोटिशीच्या पहिल्याच पत्रात लिहा : या तारखेपासूनचे अमुक लॉग ऑडिट संपेपर्यंत जपून ठेवावेत. ऑडिट देणार की नाही यावर वाद चालू असला तरी लॉग जपायला नाही म्हणायचं कारण कुणाकडे नसतं.

रिपोर्ट लिहिताना व्हेंडरचा आग्रह होता की दोन्ही खाती आता बंद केली आहेत, तेव्हा मुद्दा काढून टाका. मुद्दा राहिला, त्याच्या खाली ‘दरम्यान दुरुस्त’ अशी नोंद आली. सापडलं ते त्या तारखेला होतं. मसुदा त्यांना तथ्यं तपासण्यासाठी दिला, म्हणजे तारीख किंवा नाव चुकलं असेल तर सांगा. मुद्द्याची गंभीरता ठरवायची ती आम्ही आणि शेवटी आमच्या संचालक मंडळाची ऑडिट कमिटी. लॉगिनबद्दल आम्ही एवढंच लिहिलं : कार्यमुक्तीनंतर या खात्याने लॉगिन झालं आहे, ते कोणी केलं हे उपलब्ध नोंदींवरून सांगता येत नाही, कारण लॉग ठेवलेला नाही. संशयाचा शब्द घातला असता तर सगळी चर्चा त्या शब्दावर गेली असती. उपकंत्राटाचा मुद्दा वेगळा काढला, कारण तो करारभंगाचा होता आणि त्याचं उत्तर त्यांच्या आयटीने नाही, त्यांच्या संचालकांनी द्यायचं होतं.

प्रत्येक मुद्द्यासमोर त्यांच्याकडून कारण, उपाय, जबाबदार पद आणि तारीख घेतली. ‘कर्मचाऱ्यांना सूचना दिल्या’ हा उपाय आम्ही स्वीकारला नाही. एचआरची कार्यमुक्ती नोंद आणि खातं बंद करण्याचं तिकीट एकमेकांना बांधा, असं मागितलं आणि ते झालं. मुद्दा बंद करतानाही पत्रावर विसंबलो नाही. ऑनलाइन बसून तीच क्वेरी पुन्हा चालवली आणि नव्याने सोडून गेलेल्यांच्या तारखांशी ताडली. या वेळी यादी जुळली. बँकेच्या अंतर्गत ऑडिटचं हे काम झाल्याचा मला अभिमान आहे, हेही सांगतो.

आमच्या जुन्या कलमात उपकंत्राटदारांचं नाव नव्हतं, म्हणून त्या रात्रपाळीच्या कंपनीकडे आम्हाला थेट जाता आलं नाही. परवानगीचं कलम पुढे करून ती तीन खाती थांबवायला लावली. नूतनीकरणात आता कलमात उपकंत्राटदार आले आहेत, सुरक्षेची काही घटना घडल्यास ऑडिटसाठी पंधरा दिवस आधी नोटीस देण्याची अट नाही, आणि ‘यादी ऑडिटरसमोर थेट प्रणालीतून काढून दाखवावी’ हे वाक्य शब्दशः आलं आहे.