आमची वाटचाल : रिमोटला हात न लावता चालणारा टीव्ही

आमच्या व्यवसायाची सुरुवात भिंतीवर टीव्ही बसवून देणे आणि वायरिंग करणे या कामांतून झाली. टीव्ही बसवून झाला की दुकानदार किंवा डॉक्टर हमखास विचारत, की आमची माहिती यावर दिवसभर आपोआप फिरत राहील का आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने चॅनेल बदलू नये याची काही सोय आहे का. पुढे हेच आमचे मुख्य काम झाले. त्यातून आम्ही एक कसोटी ठरवली आणि ती आजही पाळतो : बोर्डावरचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्यावर, रिमोटला हात न लावता, तीच फिल्म ठरलेल्या आवाजात सुरू झाली, तरच काम पूर्ण झाले असे समजायचे.

या कसोटीमागची सारी गुंतागुंत एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात आमच्यासमोर आली. तेथील टीव्ही सकाळी व्यवस्थित सुरू होई आणि दुपारच्या सुमारास आपोआप बंद पडे. स्वागतकक्षातील ताईंना वाटले की टीव्ही तापत असावा. मात्र बंद पडण्याची वेळ दवाखाना उघडण्याच्या वेळेनुसार पुढे-मागे होत होती आणि दोहोंमधले अंतर दर वेळी चार तासांचे होते, तेव्हा दोष यंत्रात नसून सेटिंगमध्ये असल्याची आमची खात्री पटली. अनेक टीव्हींमध्ये वीजबचतीसाठी अशी व्यवस्था असते, की चार तास रिमोटचे एकही बटण दाबले गेले नाही तर समोर कोणी नाही असे मानून टीव्ही बंद होतो. घरात हे योग्यच आहे. प्रतीक्षागृहात मात्र रिमोट कोणी वापरू नये हीच अपेक्षा असते. वीजबचतीच्या मेनूतील हा पर्याय बंद करताच तक्रार मिटली. तेव्हापासून स्लीप टायमर, सिग्नल नसताना बंद होणे आणि आपोआप सॉफ्टवेअर अपडेट या तिन्ही गोष्टीही आम्ही सुरुवातीलाच तपासतो.

फिल्मच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे : पेनड्राइव्हवर अनेक तुकडे ठेवण्यापेक्षा एकच सलग फाइल ठेवावी. अनेक टीव्ही एक फाइल संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या क्षणी काळा पडदा किंवा फाइलचे नाव दाखवतात, आणि पुनरावृत्तीचा पर्याय एकाच फाइलसाठी आहे की संपूर्ण फोल्डरसाठी, हे मॉडेलनुसार बदलते. सर्व तुकडे एकाच आकाराचे, एकाच गतीचे आणि एकाच कोडेकचे असतील, तर त्यांची नावे `list.txt` मध्ये `file 'a.mp4'` अशा रीतीने एकाखाली एक लिहून ते संगणकावरील ffmpeg या प्रोग्रामच्या पुढील आज्ञेने जोडता येतात :

```
ffmpeg -f concat -i list.txt -c copy loop.mp4
```

तुकडे भिन्न असतील तर ही आज्ञा पुरत नाही. जोडाच्या ठिकाणी चित्र अडकते किंवा आवाज मागे पडतो. अशा वेळी सर्व तुकडे आधी १९२० × १०८० आकारात आणि एच.२६४ स्वरूपात नव्याने तयार करावे लागतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पण सेकंदाला आठ मेगाबिट दराने तासाभराची फिल्म सुमारे ३.६ जीबीचीच होते, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. बहुतेक प्रतीक्षागृहांत आवाज बंदच ठेवला जातो. म्हणून मथळे वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता आम्ही चित्रातच कोरून घेतो, कारण वीज गेल्यानंतर सबटायटलचा पर्याय टीव्हीच्या लक्षात राहीलच असे नाही.

कुलूप मात्र सगळ्यात शेवटी लावायचे. त्यासाठी काही टीव्हींमध्ये ‘हॉटेल मोड’ नावाचा वेगळा मेनू असतो. वीज येताच टीव्हीने चालू व्हावे की स्टँडबायमध्ये राहावे, कोणत्या इनपुटवर जावे, आवाज जास्तीत जास्त किती वाढू द्यावा, रिमोट आणि टीव्हीवरील बटणे चालू ठेवावीत की नाही, हे तेथे ठरवता येते. काही मॉडेलांत पेनड्राइव्हवरील फिल्म आपोआप सुरू करण्याची सोयही मिळते. ‘शॉप मोड’ ही गोष्ट अगदी निराळी आहे. विक्रीच्या दालनासाठी असलेला तो मोड चित्र अतिशय प्रखर करतो आणि पडद्यावर कंपनीच्या जाहिरात-पट्ट्याही आणू शकतो. तो येथे मुळीच वापरू नये.

रिमोट आणि बटणे दोन्ही बंद करण्यापूर्वी मेनूमध्ये परत शिरण्याचा मार्ग त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहून आम्ही कागदावर लिहून घेतो आणि तो कागद मालकांच्या हाती देतो. काही मॉडेलांत सर्व सेटिंगची नक्कल पेनड्राइव्हवर घेता येते. ती घेऊन ठेवली की त्याच मॉडेलचा दुसरा टीव्ही बसवताना बराच वेळ वाचतो.

ज्या घरगुती टीव्हीत हॉटेल मोड नाही, तेथे वीज मिळताच फिल्म सुरू करणारा छोटा मीडिया प्लेअर एचडीएमआयने जोडता येतो. मात्र वीज आल्यावर टीव्हीच स्टँडबायमध्ये राहत असेल, तर प्लेअर चालू असूनही पडदा काळाच राहतो. म्हणून नवा टीव्ही घेण्याच्या बेतात असलेल्यांना आम्ही दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून पाहायला सांगतो. टीव्ही स्वतःहून उजळला नाही आणि मेनूतही तसा पर्याय सापडला नाही, तर या कामासाठी दुसरे मॉडेल पाहावे.