पैठणीचा मेसेज आणि निळी टिक

मिरजेत मी लहान क्रिएटर्सची इन्स्टाग्राम पेजेस सांभाळतो. गेल्या श्रावणात सकाळी साडेनऊला एका काकूंचा फोन आला. "अरे, मी पैठणी वाटतेय म्हणे! बायका मला विचारतायत, मी तर स्टोरी टाकलीच नाही."

काकू मसाले करतात, त्यांचे अकरा हजार फॉलोअर्स आहेत. स्टोरीत लिहिलं होतं, नाव निघालंय, मेसेज करा. मेसेज करणाऱ्यांना उत्तर जात होतं, "तुमच्या मोबाइलवर सहा आकडी कोड येईल, तो पाठवा, मग साडी पाठवते." तो कोड असतो त्या बाईच्याच खात्याचा पासवर्ड बदलायचा. ओळखीच्या काकूंनी मागितला म्हणून बायका तो देत होत्या.

मी विचारलं, "काल काय उघडलंत?" त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "निळ्या टिकचा फॉर्म भरला रे."

ज्या मेसेजमधून फॉर्म आला, त्यावर नाव होतं "बॅज सपोर्ट". हे वर दिसणारं नाव कुणालाही ठेवता येतं. त्यावर टिचकी मारली की खरं युजरनेम दिसतं. ते होतं नुसता अक्षरांचा आणि आकड्यांचा गोंधळ, पोस्ट एकही नाही. चोवीस तासांची मुदत दिली होती. लिंकवरच्या पानाने आधी पासवर्ड मागितला, मग मोबाइलवर आलेला कोड. काकूंनी दोन्ही भरले. काकूंसारख्या लहान क्रिएटर्सना खरी टिक अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून, दरमहा पैसे भरून घ्यावी लागते. त्यासाठी मेसेजमधून कुणी फॉर्म पाठवत नाही.

चोराने ईमेल आणि नंबर दोन्ही बदलले होते. व्हिडिओ सेल्फीने ओळख पटवावी, तर खात्यावर चेहऱ्याचे फोटो हवेत. काकूंच्या रील्समध्ये फक्त हात आणि खलबत्ता! तेव्हा मला धास्ती वाटली. उरला एकच धागा, काकूंचा जुना जीमेल. ईमेल बदलला की जुन्या पत्त्यावर security@mail.instagram.com वरून सूचना येते आणि हा बदल तुम्ही केला नसेल तर खातं सुरक्षित करण्याची लिंक त्यात असते. ती मेल रात्री अकरालाच येऊन पडली होती, काकूंनी पाहिली नव्हती. त्या लिंकने ईमेल परत आला, मग पासवर्ड बदलला, अनोळखी फोन लॉगआउट केले.

मेल खरी की खोटी हे खात्यात शिरता येत असेल तर पासवर्ड अँड सिक्युरिटीमधल्या Recent emails मध्ये तपासता येतं. इन्स्टाग्रामने नुकत्याच पाठवलेल्या मेल तिथे दिसतात.

दुपारभर काकू एकेकीला फोन करत होत्या. तिघींनी कोड दिला होता. दोघींची खाती संध्याकाळपर्यंत मिळाली. तिसरीचा जुना ईमेलच बंद पडलेला होता. तिच्यासाठी आम्ही सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ते खातं अजून आलेलं नाही.