आमची वाटचाल: दिवाळीचं कॅलेंडर आम्ही उलटं का मोजतो

आमचं साड्यांचं दुकान कराडात, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि वहिनी बघतो. ऑनलाइन म्हणजे व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम, बस. 2022 च्या दिवाळीला आम्ही पहिल्यांदा जोरात पोस्ट टाकल्या, सणाच्या दहा दिवस आधी, डिस्काउंट पण ठेवला, आणि लोक आले सुद्धा. पण काउंटरवर साडी उलगडली की निम्म्या बायका एकच विचारायच्या, "दादा, ब्लाऊज शिवून मिळेल का दिवाळीपर्यंत?" कुठून मिळणार, शिवणाऱ्यांनी दसऱ्यानंतर लगेच ऑर्डर घेणं बंद केलेलं. साडी परत घडी करून रॅकवर.

दिवाळी झाल्यावर मी ओळखीच्या तीन ब्लाऊजवाल्या ताईंकडे जाऊन बसलो आणि विचारलं की तुम्ही कधी हात वर करता. तिघींचं उत्तर जवळपास सारखंच, पाडव्याच्या पंधरा-सतरा दिवस आधी. तेव्हापासून आमचं कॅलेंडर त्या तारखेपासून मागे मोजत येतं, दिवाळीपासून नाही.

2025 चंच सांगतो. पाडवा होता 22 ऑक्टोबरला. ताईंची शेवटची तारीख आली 5 ऑक्टोबर. त्याआधी फॉल-पिकोला दोन-तीन दिवस, म्हणजे साडी दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, गिऱ्हाइकाच्या हातात पाहिजेच. म्हणजे खरी विक्री नवरात्रात, 22 सप्टेंबरपासून. आणि टीझर त्याच्याही आधी, म्हणजे नेमका पितृपक्षात. पूर्वी आम्ही ते पंधरा दिवस गप्प बसायचो कारण आमच्याकडे त्यात कोणी नवीन कापड घेत नाही, पण घेत नसले तरी बघतात ना, आणि त्या वेळी दुकानात गर्दी नसल्यामुळे फोटो काढायला सुद्धा निवांतपणा मिळतो.

टीझरला पूर्ण साडी दाखवत नाही. आधी नुसता काठ, दोन दिवसांनी पदराचा कोपरा, खाली फक्त "घटस्थापनेला". किंमत नाही. पण घटस्थापनेच्या सकाळी मात्र प्रत्येक फोटोवर किंमत आणि नंबर लिहायचाच, नाहीतर दिवसभर "प्राइस?" ला उत्तरं देत बसावं लागतं आणि समोरचं गिऱ्हाईक ताटकळतं. फोटो सकाळी दहाच्या सुमारास दुकानाच्या दारात काढतो, ट्यूबलाइटखाली मोरपंखी रंग निळा दिसतो आणि मग "फोटोत वेगळी होती" म्हणून साडी परत येते, हे आमच्याकडे बऱ्याचदा झालंय. अजून एक, एका वर्षी एकच पीस असलेल्या पैठणीचं रील चाललं, चाळीसेक जणींनी विचारलं आणि एकोणचाळीस नाराज झाल्या. आता रील फक्त निदान सहा पीस असलेल्या डिझाइनचं, एकटा पीस स्टेटसला, "एकच आहे" असं लिहून.

नवरात्राच्या रंगांची पोस्ट आदल्या दिवशी संध्याकाळी सातला टाकतो. सकाळी टाकून उपयोग नाही, साडी रात्रीच कपाटातून काढून ठेवलेली असते. या पोस्टने थेट विक्री फारशी होत नाही, खरं सांगतो, पण आमचा नंबर सेव्ह राहतो, आणि व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचते त्यामुळे आमच्यासाठी ते महत्त्वाचं आहे.

5 ऑक्टोबरनंतर साडीच्या पोस्ट बंद म्हणजे बंद, फक्त स्ट्रेच ब्लाऊजवर चालतील अशा तेवढ्या. मग कुर्ती, पुरुषांचे कुर्ते, पोरांचे कपडे. इथे फोटोपेक्षा साइज महत्त्वाचा, कारण दिवाळीच्या तोंडावर आई विचारते ते "आठ वर्षांच्या मुलाचं आहे का". म्हणून वहिनी रोज रात्री रॅक बघून दुसऱ्या दिवशीच्या स्टेटसला उरलेले साइज लिहिते. शेवटच्या चार दिवसांत फक्त दुकानाची वेळ आणि गाडी कुठे लावायची एवढंच, नवीन माल दाखवत नाही.

भाऊबीज 23 ला झाली. भावाने पसंत केलेली साडी बहिणीला आवडतेच असं नाही, आणि ती बिचारी बोलत नाही. म्हणून आम्ही 24 ला स्वतःच मेसेज टाकतो: भाऊबीजेची साडी बदलायची असेल तर आठ दिवसांत आणा, घडी मोडलेली नको, फॉल लावलेला नको, बिल नसलं तरी चालेल, भावाचा नंबर सांगा. बदलायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणी वर थोडे पैसे घालून भारीतली साडी घेऊन जातात. त्याच वेळी वहिनी विचारते, "ताई, घरात कुणाचं लग्न आहे का यंदा?" आणि हो म्हटलं तर नाव आणि महिना वहीत. तुळशीचं लग्न झालं की आधी त्या वहीतल्यांना फोन करतो, बस्त्याचा माल दाखवायला, आणि त्यांना ब्लाऊजवाल्या ताईंची शेवटची तारीख पहिल्याच फोनवर सांगून टाकतो.