तारखांचे वाटे

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसायचा, तरी तो कोणत्या वर्षी बांधायला घेतला हे मला आठवीत सांगता येत नव्हतं. सनावळी मी वरून खाली घोकायचो आणि मधली एक विसरली की पुढच्या सगळ्या जायच्या. इतिहासाच्या बाईंनी माझी पंधरा सनांची यादी पाहिली आणि म्हणाल्या, "बाजारात मासळी अशी ओततात काय रे? वाटे घाल."

त्यांनी फळ्यावर पहिला वाटा घातला: 1663 शाहिस्तेखान, 1664 सुरत, 1665 पुरंदरचा तह, 1666 आग्रा. ओळीने चार वर्षं. म्हणजे पाठ करायचा आकडा एकच, 63. बाकीचे तीन मोजूनच येतात. घटनांनाही एकमेकींचा धागा होता. खानाच्या तळामुळे मुलूख उजाड झाला, त्याची भरपाई सुरतेतून झाली, त्यावर जयसिंग चालून आला, तह झाला आणि तहानंतर आग्र्याला जावं लागलं. सुरतेच्याच वर्षी, नोव्हेंबरात, आमच्या समोरच्या किल्ल्याची पायाभरणी. 1664 च्या रकान्यात तो जाऊन बसला तो कायमचा.

घोळ मात्र झालाच. सुरत दोनदा लुटली गेली आणि मी चाचणीत दुसरी लूटही 64 मध्येच लिहिली. मग बाईंनी 1670 चा वेगळा वाटा घालायला लावला: फेब्रुवारीत कोंढाणा, ऑक्टोबरात दुसरी सुरत. सारखं नाव दोन वाट्यांत आलं की दोन्हीकडे लाल शाईने खूण करायची, ही सवय तेव्हाची.

बारावीत तोच कागद भौतिक-रसायनासाठी वाढला. प्रकाशाचा वेग 299 792 458, तीन-तीनचे तीन वाटे, दोन दिवसांत बसला. त्रास दिला 6 ने सुरू होणाऱ्यांनी: अ‍ॅव्होगॅड्रो 6.022, प्लांक 6.626. ते लांब लांब लिहिल्यामुळेच मी अदलाबदल करत होतो. शेजारी-शेजारी मांडून घाताचा आणि एककाचा रकाना वेगळा केला. एक मोलमधले कण अगणित, म्हणून 10²³. प्लांकची राशी अतिसूक्ष्म, म्हणून 10⁻³⁴. घाताचं चिन्ह चुकलं की अर्थच बिघडतो, त्यामुळे चूक स्वतःलाच कळते.

कागद नुसता वाचला की सगळं येतंय असं वाटतं. ते खरं नसतं. रोज उजवा रकाना झाकून कोऱ्या पानावर लिहायचं आणि मग ताडायचं. अडलेल्या ओळी दुसऱ्या दिवशी आधी.

जनगणनेचे आकडे मात्र मी पेन्सिलीने लिहायचो, शेजारी वर्ष घालून. 2011 च्या हंगामी आकड्यांत महाराष्ट्राचं लिंगगुणोत्तर 925 होतं. अंतिम आलं ते 929, आणि मी पेनाने लिहिलेला तो एकच आकडा खोडावा लागला होता.